एका गोणीचा हिशेब

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या शेताचे दोन भाग पडतात. खाली ओहोळाच्या अंगाला बांध घालून काढलेली भाताची खाचरं असतात आणि वर डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी घेतली जाते. या वरच्या जमिनीला वरकस म्हणतात. सेंद्रिय शेती चांगली की नैसर्गिक, हा वाद इथे घेऊन येणाऱ्या माणसाला एक गोष्ट आधी दिसायला हवी. वरकसावर रासायनिक खत जवळजवळ कधी पडलेलंच नाही. चढावर गोणी वाहून न्यायची कोणी आणि पहिल्या मोठ्या सरीला ती धुपून जाणार असेल तर न्यायची कशाला? खत पडतं ते खालच्या खाचरात. आवणी झाली, रोप धरलं, की एकराला युरियाची एखादी गोणी टाकली जाते. फवारणी बहुतेकांकडे नाहीच. मोगरा लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं औषधाच्या दुकानात खातं असतं.

म्हणजे इथल्या दोन एकरवाल्याच्या शेतातलं रसायन म्हणजे ४५ किलोची एक गोणी. तिची सरकारी किंमत २६६ रुपये ५० पैसे. विदर्भातल्या कापूसवाल्याला बिनखर्ची शेतीचं आकर्षण वाटतं, कारण त्याचा बियाणं, खतं आणि फवारणीचा खर्च हजारोंत जातो. तिथला हिशेब जव्हारला आणला की बसत नाही. इथे वाचवायला पैसाच थोडा आहे. तरीही ही एक गोणी सोडणं सोपं नाही, आणि सोडल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. पुढची सगळी गोष्ट या गोणीभोवतीच फिरते.

आधी त्या गोणीत काय असतं ते पाहू. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर. यातलं निम्म्याहून जास्त पाण्याबरोबर आणि हवेत जातं, पण उरलेलं आठ दिवसांत पानावर दिसतं. भाताचा रंग बदलतो आणि शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव १९९२ साली कुपोषणाने गेलेल्या मुलांमुळे राज्यभर झालं होतं. अशा भागात भाताच्या रंगाकडे माणूस कोणत्या नजरेने पाहतो ते शहरातल्या सेंद्रियप्रेमींनी समजून घेतलं पाहिजे. खाचरातला भात विकण्यासाठी थोडा आणि खाण्यासाठी जास्त असतो. एकरी दहा क्विंटलचे आठ झाले तर पुस्तकात ती २० टक्के घट असते. घरात ती दोन-तीन महिन्यांची चूल असते. भात संपला की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाताना उचल जास्त घ्यावी लागते. ती उचल कोणत्याही शेतीच्या खर्चाच्या तक्त्यात येत नाही.

हिशेबासाठी आपण एक शेत धरू. एक एकर खाचर, एक एकर वरकस. वरकसात अर्ध्यावर नागली, उरलेल्यात वरई आणि उडीद. गोठ्यात दोन बैल, एक गाय. गाय डांगी असेल तर उत्तम. डांग, नाशिक, अकोले आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यातली ही जात मुसळधार पावसात टिकते, कारण तिच्या कातडीला तेलकटपणा असतो. दूध बेताचंच देते.

या एकरभर खाचरातून युरियाची गोणी काढली, तर २० किलो नत्र आणायचं कुठून?

सेंद्रिय शेतीचं उत्तर सरळ आहे: बाहेरून आणा, फक्त रासायनिक नको. गांडूळखत, निंबोळी पेंड, रॉक फॉस्फेट, जिवाणूखतं, ट्रायकोडर्मा हे सगळं चालतं, मान्यता असलेलं असलं म्हणजे झालं. गांडूळखतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास धरलं, तर २० किलोसाठी १,३०० किलोंवर खत लागतं. किलोला आठ रुपये धरले तरी दहा हजारांच्या वर गेलं, गाडीभाडं वेगळं. निंबोळी पेंडीत पाच टक्के नत्र, म्हणजे ४०० किलो पेंड. तिचाही आकडा दहा हजारांच्या आसपासच जातो. आता पिकाची किंमत बघा. २०२५-२६ चा भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. दहा क्विंटल पिकले तर सगळं मिळून २३,६९० रुपये. त्यातले दहा हजार खतालाच द्यायचे असतील तर ती शेती कोणी करणार नाही, करूही नये. विकत घेतलेल्या निविष्ठांवर चालणारी सेंद्रिय शेती द्राक्षाला, हळदीला, परदेशी जाणाऱ्या आंब्याला परवडेल. खाचरातल्या भाताला ती परवडत नाही.

गांडूळखत घरीच करा, असं प्रशिक्षणात सांगतात. त्यालाही शेण आणि पाला लागतोच, आणि उन्हाळ्यात बेड ओला ठेवायला पाणी लागतं. इथे दरवर्षी पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात किंवा वर, आणि एप्रिलमध्ये पाड्यावरच्या बाया हंड्यासाठी दरी उतरतात. गांडुळांसाठी त्या आणखी एक खेप करतील, हे गृहीत धरणं मला तरी पटत नाही.

मग नैसर्गिक शेती. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ती महाराष्ट्राला आणि पुढे देशाला सांगितली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाळेकर गांडूळखतालाही विरोध करतात. त्यांचं म्हणणं, बाहेरून काही घालायचंच नाही. जमिनीत सगळं आहे, ते मोकळं करणारे जीवाणू वाढवा. त्यासाठी जीवामृत: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, वर गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांनी एका एकराला पुरतं. चांगलं झालं तर आंबूस वास येतो आणि वर फेस धरतो. कुजका वास आला तर हवा कमी पडली किंवा शेण शिळं होतं असं समजावं. ते पिंप टाकून दिलेलं बरं. आठवडाभरात वापरलं नाही तरी ते उतरतं.

या पिंपात खत म्हणून किती आहे? शेणातलं नत्र तीस-चाळीस ग्रॅम, गोमूत्रातलं शंभर ग्रॅमच्या आत, बेसनातलं सत्तर. गोळाबेरीज २०० ग्रॅमच्या आसपास. एका गोणीच्या शंभराव्या हिश्शाइतकं. म्हणून जीवामृताला खत समजून टाकणारा पहिल्याच वर्षी फसतो. खुद्द पाळेकरही त्याला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात, आणि ती उपमा बरोबर आहे. फक्त विरजणाला दूध लागतं. जमिनीत काडीकचरा, मुळं, पालापाचोळा असेल तर विरजण लागेल. उतारावरची धुपलेली मुरमाड जमीन असेल तर विरजण लावायचं कशाला? पाळेकरांच्या चार सूत्रांत बीजामृत आणि जीवामृताबरोबर आच्छादन आणि वाफसाही आहेत. प्रचारात पिंप पुढे आलं आणि आच्छादन मागे पडलं.

आता पैसे. दोन किलो गूळ शंभर रुपये, दोन किलो बेसन दोनशे. एका पिंपाला ३०० रुपये रोख. म्हणजे अनुदानित युरियाच्या गोणीपेक्षा जीवामृताचं एक पिंप महाग पडतं, आणि हंगामात पिंपं चार तरी लागतात. बिनखर्ची म्हणून जी शेती सांगितली जाते तिचा रोख खर्च इथे चौपटीहून जास्त होतो. हा आकडा मी प्रचारपत्रकात कुठे पाहिला नाही.

यावर उपाय आहे, आणि तो इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. बेसनाची सक्ती नाही, कुठल्याही डाळीचं पीठ चालतं. वरकसातल्या उडदाची चूर, किडका कुळीथ जात्यावर भरडला की काम होतं. गुळाच्या जागी गोड काहीही चालतं. मोहाची वाळलेली फुलं म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. चैतात वेचून ठेवलेली तीन-चार किलो फुलं भिजवून कुस्करून पिंपात घातली की गुळाचे शंभर वाचले. असं केलं तर खर्च खरोखर शून्याजवळ येतो, राहते मेहनत. पण मेहनतीतही एक अडचण आहे. गुरं दिवसभर डोंगरावर, भात कापल्यावर तर रानोमाळ मोकाट. गोमूत्र धरायचं कसं? गोठ्याची जमीन मातीची, तिथे पडलं ते मुरलं. गोठ्यात दगडी फरशी बसवून एका बाजूला उतार आणि टोकाला मडकं पुरलं, तर रात्रीतून चार-पाच लिटर मिळतं. योजनांमधून पिंपं वाटली जातात, गाळण्या वाटल्या जातात. गोठ्याच्या फरशीला मात्र कोणी पैसे देत नाही.

आणि पाऊस. आवणीच्या दिवसांत खाचरातून पाणी वाहत असतं. वाहत्या पाण्यात ओतलेलं जीवामृत खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात जातं, तिथून ओहोळात. द्यायचं असेल तर बांधाचं तोंड बंद करून, पाणी बोटभर ठेवून, उघडीप बघून द्यायचं. जुलैत अशी उघडीप मिळेलच याची खात्री कोण देणार? म्हणून या पट्ट्यात पातळ जीवामृतापेक्षा घनजीवामृत बरं. १०० किलो शेण, एक-दोन किलो गूळ, तेवढंच पीठ, मूठभर माती, थोडं गोमूत्र. सावलीत वाळवून गोणीत भरून ठेवायचं आणि चिखलणीत मातीत गाडायचं. हे उन्हाळ्यात, हाताला काम नसताना करता येतं. अडचण एवढीच की उन्हाळ्यात अर्धं घर भट्टीवर असतं.

तरीही २० किलो नत्राचा प्रश्न उरतोच. तो सुटतो तो या दोन्ही पंथांच्या बाहेर, खाचरातच.

पाणी भरलेल्या भाताच्या शेतात निळं-हिरवं शेवाळ आणि काही जीवाणू हवेतलं नत्र धरतात. एकराला साधारण दहा किलो. कुठलंही खत न घालता खाचर वर्षानुवर्षं थोडंबहुत पिकत राहतं ते यामुळे. युरिया टाकला की हेच शेवाळ आळशी होतं, तयार मिळतंय तर धरायचं कशाला. म्हणजे गोणी टाकताना आपण २० किलो घालतो आणि त्यातून काही परतही घेतो. दुसरा वाटा बांधावरच्या गिरिपुष्पाचा. चारसूत्री भात लागवड कोकणात पोहोचली तेव्हा तिच्यात हेक्टरी ३० क्विंटल गिरिपुष्पाचा हिरवा पाला सांगितला होता, म्हणजे एकरी १२ क्विंटल. त्या पद्धतीतली युरियाची गोळी लोकांच्या लक्षात राहिली, पाला विसरला गेला. १२ क्विंटल पाल्यातून नऊ-दहा किलो नत्र येतं. पावसाच्या तोंडावर हातभर लांबीची छाट बांधात खोचली की तिसऱ्या वर्षापासून झाड पाच-सात किलो पाला देतं. दोनशे झाडं झाली की काम झालं. एकरभर खाचराचे बांध तेवढी झाडं सहज झेलतात. फांद्या आवणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरात पसरायच्या, पान गळलं की काड्या चुलीला. तिसरा वाटा शेणखताचा, एक टन, म्हणजे आणखी पाच किलो.

दहा, दहा आणि पाच. गोणी भरून निघाली.

शेणखत एक टनच का धरलं? नत्र अर्धा टक्का धरलं तर २० किलोसाठी चार टन खत लागतं. वीस किलोची एक पाटी धरली तर डोक्यावरून २०० खेपा. आणि गुरं दिवसभर बाहेर असल्याने गोठ्यात पडतं ते रात्रीचंच शेण. एका जनावराचं वर्षाचं कुजलेलं खत आठ-नऊशे किलोंच्या वर जात नाही. तीन जनावरांचं दोन-अडीच टन होईल. त्यातलं सारवणाला गेलं, आणि मोठा वाटा गेला राबाला.

राबाशिवाय या भागातल्या भाताची गोष्ट पूर्ण होत नाही. एकरभर आवणीसाठी चार गुंठ्यांत रोप टाकतात. त्या चार गुंठ्यांवर होळीनंतर शेण पसरतात, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, गवत, वर बारीक माती, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवतात. आगीने वरच्या दोन बोटं मातीतलं तणाचं बी मरतं, किडीची अंडी जातात, राख होते. पहिल्या पावसाआधी धूळपेर झाली की रोप एकसारखं, निरोगी आणि तणाशिवाय उगवतं. राबाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी कधी रोपात बसून बेणणी केलेली नसते. पण हिशेब मांडला तर शेणातलं नत्र धुराबरोबर जातं, राखेत पालाश आणि स्फुरद उरतं. वर्षाकाठी हाती येणाऱ्या शेणाचा सगळ्यात मोठा ढीग चार गुंठ्यांत जळतो आणि उरलेल्या एकराला युरिया लागतो. राब आणि गोणी हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत.

सेंद्रिय प्रमाणकांत सेंद्रिय पदार्थ जाळणं कमीत कमी ठेवा असं सांगितलेलं आहे. नैसर्गिक शेतीला तर पालापाचोळा जाळणं हे तिच्या तत्त्वाच्याच विरुद्ध. म्हणजे दोन्ही वाटांनी जायचं तर राबाला पर्याय लागतो. पर्याय गादीवाफ्याचा आहे: चार बोटं उंच वाफा, त्यात चाळलेलं शेणखत, वर भाताच्या तुसाची राख, मिठाच्या पाण्यात निवडलेलं बी बोटभर अंतरावर ओळीत. बी निम्म्याने कमी लागतं, जागाही कमी लागते. तण मात्र येतं आणि दोनदा हाताने काढावं लागतं. राबातून वाचलेलं शेण खाचरात जातं. तेच आपल्या हिशेबातलं टनभर. जो राब सोडेल त्यालाच गोणी सोडता येईल, असं म्हणायला हरकत नाही. निदान पहिली दोन वर्षं अर्धा राब आणि अर्धा गादीवाफा ठेवावा. पावसाने दडी मारली तर राबाचं रोप तग धरतं, हे लोकांचं म्हणणं खोटं नाही.

एकदम सगळं खाचरही बदलू नये. चार खाचरांतलं एक बिनयुरियाचं करून पाहावं आणि आवणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याकडे नीट बघावं. खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडतंय. फुटवे फुटण्याच्या वेळीच तुटवडा आला म्हणजे लोंब्या कमी होणार. शेजारच्या युरियावाल्या खाचराचा गर्द हिरवा रंग बघून घाबरू नये. तो रंग तुडतुड्यांना आणि करप्यालाही तितकाच आवडतो. शेणखत आतून गरम लागत असेल किंवा त्यात शेणाचा मूळ वास असेल तर ते अजून कुजलेलं नाही. तसलं खत वरकसात गेलं की त्याबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी जातं.

आता प्रमाणपत्र. यात दोन रस्ते आहेत आणि त्यांचा खर्च, कागद आणि बाजार वेगवेगळे आहेत.

पहिला एनपीओपीचा, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. तो वाणिज्य मंत्रालयाखालचं अपेडा चालवतं. आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. यात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक येऊन तपासतो. एकट्या दोन एकरवाल्याला ती फी झेपणारी नाही, म्हणून २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करून आतली तपासणी गटाने करायची सोय आहे. हंगामी पिकाला रूपांतराचा काळ दोन वर्षं, काजू-आंब्यासारख्या झाडांना तीन. परदेशी माल पाठवायचा तर हाच रस्ता लागतो. जव्हारची नागली जर्मनीला निघाली तर त्याची चर्चा करू.

दुसरा रस्ता पीजीएसचा, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा. तो कृषी मंत्रालयाखाली चालतो. एका किंवा लगतच्या गावांतल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट, प्रत्येकाची शपथ, बैठका, आणि एकमेकांच्या शेताची तपासणी. तुमच्या शेतावर शेजारी येतो, तपासणीचा तक्ता भरतो, गट निर्णय घेतो, प्रादेशिक परिषद मान्य करते. रूपांतराच्या काळात ‘पीजीएस ग्रीन’, पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस ऑरगॅनिक’. फी नाममात्र किंवा नाही. माल देशातच विकायचा. नैसर्गिक शेती करणाराही या गटात बसतो, कारण नैसर्गिकवाला जे टाळतो त्यात सेंद्रियवाल्याने टाळायचं सगळं आलंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात नैसर्गिक मालासाठी वेगळं सोपं प्रमाणन आणि सामायिक ब्रँड यांचीही तरतूद आहे.

पीजीएसचा एक नियम मात्र जव्हारच्या शेतकऱ्याला अडवतो, आणि गोणी परत पुढे येते ती इथे. शेत तुकड्या-तुकड्याने कायमचं प्रमाणित करता येत नाही. वरकसातली नागली सेंद्रिय आणि खाचरातला भात युरियाचा, असं चालत नाही. ठरलेल्या मुदतीत सगळी जमीन आणावीच लागते. शेतकऱ्याला विकायची आहे नागली, जिला आयुष्यात युरिया लागलेला नाही, आणि तिचं प्रमाणपत्र अडतं ते घरी खायच्या भातावर पडणाऱ्या एका गोणीमुळे. गटात दहा जण असतील आणि त्यातल्या एकाने सप्टेंबरात भात पिवळा दिसला म्हणून रात्री गोणी टाकली, तर प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. नमुना तपासणीत युरिया सापडत नाही, तो पाण्यात जातो; तो दिसतो रंगावरून, शेजाऱ्यालाच. शेजाऱ्याने ते तक्त्यात लिहायचं की नाही, यावर सगळी पद्धत उभी आहे.

म्हणून गट करताना नातं किंवा राजकीय बाजू न बघता पाणी बघावं, असं माझं मत आहे. खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात. वरच्याच्या बांधातून पाणी खालच्याकडे उतरतं. तुम्ही कितीही निष्ठेने शेती करा, वरच्याने टाकलेला युरिया दुसऱ्या दिवशी तुमच्या खाचरात येणार. एका ओहोळावरची वरपासून खालपर्यंतची सगळी खाचरं एका गटात आली तरच ‘शेजाऱ्यापासून संरक्षण’ या रकान्यात खरं उत्तर लिहिता येईल. आठजण आले आणि मधला एक राहिला, तर त्याच्या बांधाला चर काढून पाणी बाजूने न्यावं लागेल.

मोठ्या क्षेत्राचं एकदम प्रमाणन करण्याचीही सोय परंपरागत कृषी विकास योजनेत आहे, खास करून जिथे रसायन पोहोचलंच नाही अशा डोंगरी, आदिवासी आणि बेटांच्या भागांसाठी. कार निकोबार आणि नॅनकौरी बेटांचं १४,४९१ हेक्टर क्षेत्र २०२१ साली असं प्रमाणित झालं, वर्षानुवर्षांच्या रूपांतराशिवाय. जव्हार-मोखाड्याची वरकस जमीन याच जातीची आहे. फरक एवढाच की बेटावर रसायनं येऊ न देणं प्रशासनाच्या हातात होतं, आणि इथे प्रत्येक बाजारगावात कृषी सेवा केंद्र आहे. तालुका नाही, पण एखाद्या पाड्याची ग्रामसभा हे करू शकेल. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पेसाखाली ग्रामसभेला वजन आहे. ठराव ग्रामसभेचा असला तर शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध लिहावं लागत नाही.

अनुदानाची आशा किती ठेवावी? परंपरागत कृषी विकास योजनेत हेक्टरी तीन वर्षांचे ३१,५०० रुपये, पण त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात निविष्ठांसाठी येतात ते १५,०००. आपल्या दोन एकरवाल्याला वर्षाला चारेक हजार. नैसर्गिक शेती अभियानात एकराला वर्षाला ४,०००, दोन वर्षं, आणि तेही एका एकरापुरतं. त्याशिवाय जैव निविष्ठा केंद्रं निघणार आहेत, जिथे तयार जीवामृत, दशपर्णी अर्क विकत मिळेल. ज्यांच्याकडे गुरं नाहीत त्यांना सोय होईल, हे खरं. पण बाहेरून काही न आणण्याची शेती बाटलीत भरून विकायला ठेवली की ती निविष्ठांच्या दुकानाचीच शाखा झाली.

पैसे येतात कुठून, हे शेवटी नागलीवर ठरतं. अर्ध्या एकरात तीन क्विंटल पिकली, एक घरी ठेवली, दोन विकायला काढली असं धरू. २०२५-२६ चा नागलीचा हमीभाव ४,८८६ रुपये. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीत दोन क्विंटलचे ९,७७२ मिळतील. तिथे वजनकाट्यावर सेंद्रिय, नैसर्गिक आणि साधी यांत फरक नाही, एकाच ढिगात पडते. हीच नागली निवडून, पाखडून, किलोच्या पिशव्यांत नाशिक किंवा वसई-विरारच्या ग्राहकाला ८० रुपयांनी गेली तर १६,०००. सहा हजारांचा फरक; त्यातून गाडीभाडं, पिशव्या आणि निवडणाऱ्या बाईची मजुरी गेली की तीन-साडेतीन हजार उरतात. पहिल्या दोन वर्षांत भात दोन क्विंटलने घटला तर ४,७३८ रुपयांचं नुकसान आधीच झालेलं आहे. म्हणजे एकट्याने केलं तर पहिल्या वर्षांत हा सौदा तोट्याचा आहे, आणि तो तोटा भरून निघतो तो अनुदानातूनच. गटाने, चाळीस-पन्नास क्विंटलची गाडी एकदम भरली तरच भाड्याचा आकडा खाली येतो.

हिमाचल प्रदेशाने याला वेगळं उत्तर दिलं. तिथे शेतकरी स्वतःच्या शेतीची माहिती भरून प्रमाणित होतो, आणि २०२४ साली सरकारने नैसर्गिक मक्याला किलोला ३० रुपये असा स्वतंत्र भाव देऊन खरेदी केली. प्रमाणपत्रामागे खरेदीदार उभा केला. महाराष्ट्रात महामंडळाची खरेदी केंद्रं जव्हार-मोखाड्यात आधीच आहेत, नागलीसाठी वेगळा काटा आणि वेगळा भाव एवढंच बाकी आहे.

तोवर एक सवलत वापरण्यासारखी आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांत, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेला मूळ उत्पादक किंवा त्यांचा गट थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. ‘जैविक भारत’चं चिन्ह मात्र लावता येत नाही. दोन क्विंटलवाला तर सोडाच, सगळा पाडा मिळूनही १२ लाखांच्या जवळ जाणार नाही. म्हणजे ग्राहक ओळखीचा असेल, दरवर्षी दिवाळीनंतर येऊन नागली नेत असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं कागदाविना निघतात, आणि तेवढ्यात बांधावरचं गिरिपुष्प छाटणीला येतं. दुकानदार किंवा कंपनी मध्ये आली की पीजीएस लागतं, निर्यातदार आला की एनपीओपी. गटाने अर्ज भरायला बसण्याआधी माल कोण नेणार आहे ते ठरवावं आणि त्याला कोणतं प्रमाणपत्र चालतं ते लेखी विचारून घ्यावं.